कोण म्हणाले ते गाळा!

सारांशलेखनाचे धडे देणारे बाजारातले कोणतेही मार्गदर्शक उघडा, नियम बहुधा ठरलेले सापडतील. उतारा दोनदा वाचा, मध्यवर्ती कल्पना हेरा, मग उदाहरणे, आकडे, नावे आणि अवतरणे गाळा, आणि उरलेला ऐवज मूळच्या एक तृतीयांशात बसवा. दहावीच्या मुलाला हेच शिकवतात. संघ लोकसेवा आयोगाच्या सक्तीच्या भाषा-पेपरला बसणाऱ्या पदवीधरालाही क्लासवाले हेच घोकवतात. नियम दिसायला निरुपद्रवी आहे. पण गाळायच्या वस्तूंची यादी पुन्हा एकदा वाचा. लेखातले विधान खरे की खोटे, ते कोणाचे आणि कशाच्या जोरावर केलेले, हे ज्यांच्यावरून ताडायचे, नेमक्या त्याच गोष्टी कचऱ्यात टाकायला आपण पोरांना शिकवतो. आणि जो सफाईने टाकतो त्याला ‘आकलन चांगले आहे’ असा शेरा देतो!

ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, या खुळाविरुद्ध फुल्यांनी आणि आगरकरांनी आयुष्य वेचले. त्यांची जयंती शाळाशाळांतून साजरी होते, फोटोला हार घातला जातो, आणि त्याच शाळेत दुसऱ्या तासाला उताऱ्यात लिहिले आहे म्हणून खरे, हे व्रत पुढे चालू राहते. ग्रंथ गेला आणि त्याच्या गादीवर उतारा येऊन बसला, एवढीच काय ती आमची सुधारणा.

हे नुसते तोंडपाटीलकीने सांगून भागणार नाही, म्हणून एक घडलेली गोष्ट घेऊ. 2015 साली जॉन बोहॅनन या अमेरिकी विज्ञान पत्रकाराने काही जर्मन माहितीपटकारांच्या साथीने एक मुद्दाम कच्चा प्रयोग रचला. 16 माणसे गोळा केली, त्यातले एक गळाले, 15 उरली. त्यांचे तीन गट पाडले. एकाला पिष्टमय पदार्थ कमी असलेला आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि सोबत रोज 42 ग्रॅम कडू चॉकलेट, तिसऱ्याला नेहमीचे जेवण. तीन आठवड्यांनी वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा 18 गोष्टी मोजल्या. चॉकलेटवाल्यांचे वजन नुसता तो आहार घेणाऱ्या गटापेक्षा 10 टक्के वेगाने उतरलेले निघाले. पैसे भरले की छापणाऱ्या एका नियतकालिकात निबंध आला. लेखकाचे नाव ‘योहानेस बोहॅनन’ असे जर्मन करून घेतले होते, आणि ज्या आहारसंस्थेचा तो संशोधन संचालक म्हणवत होता ती संस्था म्हणजे एक संकेतस्थळ होते, बाकी काही नाही.

या प्रयोगात आकडा एकही खोटा नव्हता. खोट होती ती मांडणीत. गटात जेमतेम पाच माणसे, आणि माणसाचे वजन पाण्याने, पाळीने, आदल्या रात्रीच्या जेवणाने एखादा किलो इकडेतिकडे होतच असते. त्यात मोजायच्या गोष्टी 18. प्रत्येक मोजणीत निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाच धरली, तरी अठरांपैकी कुठे ना कुठे फरक दिसण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या घरात जाते. कुठला तरी मासा लागणारच होता. वजनाचा लागला म्हणून मथळा वजनाचा झाला. कोलेस्टेरॉलचा लागता तर त्याचा झाला असता.

मग बातमी सुटली. जर्मनीच्या ‘बिल्ड’ने ती पहिल्या पानावर घेतली, तिथून ती देशोदेशी गेली, भारतातही पोचली. बोहॅननने पुढे स्वतःच सगळे उघड केले. तो सांगतो की प्रयोग किती माणसांवर झाला हे विचारणारे जवळपास कोणी निघाले नाही, आणि तो आकडा कोणी छापला तर नाहीच. (हे सांगणाराही त्या खेळातला खेळाडूच आहे, हे विसरायचे नाही. गंमत उघडी पडण्यात त्याचा लौकिक होता, आणि माणसांना अंधारात ठेवून केलेल्या प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली. पण निबंध आणि बातम्या कोणालाही ताडून पाहता येत होत्या, म्हणून त्याचे म्हणणे टिकते.) निबंधाचा सारांश प्रसिद्धिपत्रक, प्रसिद्धिपत्रकाचा सारांश बातमी, बातमीचा सारांश मथळा. दर पायरीवर कोणीतरी हुशार विद्यार्थी बसला होता आणि तो नियमाप्रमाणे आकडे गाळत होता.

आता तोच मजकूर प्रश्नपत्रिकेत आला तर काय होईल ते पाहा. त्या बातम्यांच्या धर्तीवर मी एक उतारा रचला आहे:

‘वजन उतरवायचे तर गोड सोडा, हा समज आता इतिहासजमा झाला आहे. कमी पिष्टमय आहारासोबत रोज थोडे कडू चॉकलेट खाणाऱ्यांचे वजन अधिक वेगाने उतरते, असे जर्मनीतील एका आहारसंस्थेने सिद्ध केले आहे. कोकोतील काही घटक यामागे असावेत, असा अंदाज व्यक्त केला जातो. तेव्हा आहारतज्ज्ञांच्या जुनाट उपदेशाला कंटाळलेल्यांनी निर्धास्तपणे चॉकलेट खावे.’

आपला गुणवान विद्यार्थी लिहितो: ‘चॉकलेट खाल्ल्याने वजन कमी होते हे शास्त्राने सिद्ध झाले आहे. कोकोतील घटकांमुळे असे घडते. म्हणून सर्वांनी चॉकलेट खावे.’ शुद्धलेखन ठीक, लांबी ठीक, मुद्दे तिन्ही आले. गुण पैकीच्या पैकी.

आणि या तीन ओळींत त्याने चार अपराध केले आहेत. ‘एका आहारसंस्थेने’ होते, त्याचे ‘शास्त्राने’ झाले. एका दारावरची पाटी काढून तिथे अख्ख्या शास्त्राची पाटी लावली. ‘कमी पिष्टमय आहारासोबत’ ही अट उडाली. वजन आहाराने उतरले की चॉकलेटने, हा प्रश्न ज्या शब्दांमुळे पडला असता तेच शब्द गेले. ‘असावेत’ याचे ‘घडते’ झाले, म्हणजे अंदाजाला बढती मिळून तो निष्कर्ष झाला. आणि ‘कंटाळलेल्यांनी’चे ‘सर्वांनी’ झाले. मूळ लेखकाने जेवढी थाप मारली नव्हती तेवढी या सारांशाने मारली, आणि तीही अगदी भाबडेपणाने.

पोराला काय दोष द्यायचा? लिहिण्याआधी उतारा तपासायचा असतो, हे त्याला कोणी सांगितले होते? तपासणे म्हणजे काही दिव्य नव्हे. पहिल्या वाचनात पेन्सिल क्रियापदांवर ठेवायची. ‘उतरले’ हे घडलेले सांगते, ‘उतरते’ हे नियम सांगते, ‘असावे’ हा तर्क आहे, ‘खावे’ हा सल्ला. चारही एका माळेत ओवले की वाचणाऱ्याला सल्लादेखील वस्तुस्थितीसारखा वाटू लागतो. मग ‘अंदाज व्यक्त केला जातो’, ‘असे मानले जाते’, ‘समजते’ ही बेवारस वाक्ये पाहायची. अंदाज कोणी व्यक्त केला? कर्ता दडवण्याची ही वर्तमानपत्री खोड आहे, आणि कर्ता जिथे दडतो तिथे समासात प्रश्नचिन्ह पडलेच पाहिजे. नंतर विशेषणे-क्रियाविशेषणे. ‘जुनाट’, ‘इतिहासजमा’, ‘निर्धास्तपणे’ हे शब्द काढून उतारा वाचा, माहिती रतिभरही कमी होत नाही. म्हणजे ते माहितीचे नव्हतेच, लेखकाच्या कलाचे होते. शेवटी, काय सांगितलेले नाही ते पाहायचे. किती माणसे, किती दिवस, पैसा कोणाचा, विरुद्ध बाजूचा आहारतज्ज्ञ काय म्हणतो? उपदेश जुनाट म्हणून त्याला हिणवले आहे, पण बोलायला एक ओळ दिलेली नाही.

इथे परीक्षक डोळे वटारून म्हणतील की सारांशात स्वतःचे मत घालायला बंदी आहे. बंदी बरोबरच आहे. ‘हा प्रयोग फसवा आहे’ असे सारांशात लिहिणारा विद्यार्थीही चुकतोच, त्याला बाहेरून काही माहीत असले तरी. सारांश हा मूळ लेखाचा असतो, लिहिणाऱ्याच्या बहुश्रुततेचा नव्हे. पण ‘अमक्याचा दावा आहे’ हे मत नाही. ते उताऱ्यातच आहे, ते फक्त राखायचे आहे: ‘कमी पिष्टमय आहारासोबत कडू चॉकलेट खाणाऱ्यांचे वजन अधिक वेगाने उतरते, असा जर्मनीतील एका आहारसंस्थेचा दावा आहे, कोकोतील घटक कारण असावेत, असा अंदाज सांगून लेखक चॉकलेट खाण्याचा सल्ला देतो.’ विशेषणे गेली, अट राहिली, अंदाज अंदाजच राहिला, सल्ल्यावर देणाऱ्याचे नाव आले. इथेही एक नाजूक जागा आहे. उताऱ्यात ‘सिद्ध केले’ होते आणि मी ‘दावा’ लिहिले. पुरावा उताऱ्यात दिलेला नाही, तेव्हा मला ते रास्त वाटते. ज्याला हा बदल जड वाटेल त्याने ‘सिद्ध केल्याचे लेखक सांगतो’ लिहावे. जबाबदारी लेखकाच्या अंगावर राहिली की झाले. एक तृतीयांशाची मर्यादा मात्र या आखूड उताऱ्याला निभत नाही, हे खरे. खऱ्या पेपरात उतारा काही शे शब्दांचा असतो, आणि तिथे ‘लेखकाच्या मते’ला लागणारे दोन शब्द कोणाचेही गुण खात नाहीत.

तेव्हा खरा आरोपी मुलगा नव्हे. आरोपी प्रश्नपत्रिका काढणारे आहेत, जे लेखाखालचे लेखकाचे नाव, साल आणि ठिकाण कापून उतारा अनाथ करून मुलापुढे टाकतात आणि मग ‘लेखकाचा दृष्टिकोन स्पष्ट करा’ असे विचारतात. आरोपी ते क्लासवाले आहेत, ज्यांच्या तयार नमुन्यात ‘असावे’चे ‘आहे’ बिनदिक्कत होते, कारण ‘आहे’ आखूड पडते. आरोपी आपण पालक आहोत. पोराने ‘पण हे कोणी शोधून काढले?’ विचारले की ‘परीक्षेत येणार आहे का ते?’ म्हणून त्याचे तोंड आपणच बंद करतो, आणि रात्री घरातल्या गटावर आलेला, कर्ता नसलेला, विशेषणांनी माखलेला मजकूर तिघांना पुढे ढकलतो.

यावर ‘एवढा वेळ कुठे आहे’ हे उत्तर ठरलेले आहे. उताऱ्याखाली ‘लेखक अमुक, साल अमुक, नियतकालिक तमुक’ अशी एक ओळ छापायला मंडळाला किती शाई लागते? गुणदानाच्या योजनेत ‘अंदाजाचे ठाम विधान केल्यास अर्धा गुण वजा, अट गाळल्यास अर्धा गुण वजा’ ही दोन कलमे घातली, तर क्लासवाल्यांचे नमुने पुढच्या जूनपर्यंत आपोआप बदलतील. ज्याला गुण आहेत ते शिकवायला त्यांना कधीच वेळ कमी पडलेला नाही.