'हसू नका हं' म्हणणाऱ्यांना विनंती

माझा एक फोटो आहे. गेल्या वर्षीच्या गणपतीतला, आमच्या सोसायटीच्या मंडपातला. मी शंख वाजवतेय. म्हणजे वाजवायचा प्रयत्न करतेय. गाल फुगून टम्म झालेत, डोळे खोबणीतून बाहेर यायच्या बेतात आहेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलाय आणि कपाळावरची टिकली कुठल्याशा गूढ कारणाने भुवईवर सरकलीय. शेजारी गुरुजी उभे आहेत आणि ते शंखाकडे न बघता घड्याळाकडे बघतायत.

हा फोटो मी स्वतः घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'हसू नका हं, फारच भयानक आलेय मी!' आणि एक तोंड झाकणारं माकड. दहा मिनिटांत उत्तरं आली. 'अगं कुठे, छान दिसतेस की.' 'साडीचा रंग खुलून दिसतोय.' 'वयानुसार एवढं चालायचंच गं.' एका वहिनींनी तर थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. हसलं कुणीच नाही. एक अव्वल विनोदी फोटो माझ्या एका ओळीने मारून टाकला होता.

तेव्हापासून माझं एक भांडण सुरू आहे. ते 'स्वतःवर हसता आलं पाहिजे' या सुविचाराशी आहे. सुविचार चांगलाच आहे, पण आपण तो वापरतो भलत्याच अर्थाने. दुसऱ्याने नावं ठेवायच्या आत आपणच स्वतःला नावं ठेवायची, म्हणजे आपण खिलाडू, असा आपला समज आहे. 'ढोली दिसतेय', 'थोबाड बघू नका', 'म्हातारा झालो राव' असल्या ओळींना आपण विनोद म्हणतो. माझं म्हणणं आहे की हा विनोद नाही, हा अर्ज आहे. 'मी वाईट दिसते' असं लिहिलं की वाचणाऱ्यापुढे दोनच रस्ते उरतात. एकतर ते खोडून काढायचं, नाहीतर कबूल करायचं. सभ्य माणूस खोडून काढतो. म्हणजे तुम्ही त्याला हसायला बोलावता आणि सांत्वनाच्या कामाला जुंपता.

ऑन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचं हास्यावरचं पुस्तक १९०० साली आलं. त्यातला एक मुद्दा मला इथे फार उपयोगी वाटतो. हसायला यायचं तर भावनेला घटकाभर बाजूला बसवावं लागतं, असं तो सांगतो. माणसाची कीव आली की हसू विरतं. त्याचा दुसरा मुद्दा असा की एखाद्याचं मन मोठ्या कामात गुंतलेलं असताना शरीर मध्येच लुडबूड करतं, तेव्हा हसू येतं. भाषण ऐन हृदयस्पर्शी टोकाला पोचलेलं असताना वक्त्याला शिंक येते, हे त्याचंच उदाहरण. आता माझा फोटो बघा. बाई मंगल कार्याला उभी आहे आणि गाल तिचं ऐकत नाहीत. विनोद तिथे तयारच होता. तो माझ्या चेहऱ्यात नव्हता, चेहरा आणि काम यांच्यामधल्या अंतरात होता. मी मात्र ओळ लिहिली ती चेहऱ्यावर, आणि ते काम वाचणाऱ्याच्या नजरेतून पुसून टाकलं.

फोटोखालच्या ओळीचं काम काय असतं? रोलां बार्त याने १९६४ साली जाहिरातींतल्या चित्रांबद्दल लिहिताना ते नेमकं सांगितलंय. चित्रातून अनेक अर्थ निघू शकतात, सोबतचे शब्द त्यातल्या एका अर्थाशी नांगर टाकतात. विचित्र फोटोत तर ही जबाबदारी जास्तच. कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात तोंड पकडतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला ते तोंड कधी दिसतच नाही, कारण त्याला आधीचं आणि नंतरचंही दिसत असतं. मोबाइल जवळून धरला असेल तर पुढे आलेली वस्तू, मग तो शंख असो की नाक, आणखी मोठी होते. म्हणजे अशा फोटोत एक क्षण त्याच्या मागच्यापुढच्या क्षणांतून कापून काढलेला असतो. तो परत जोडून देणं हे ओळीचं काम. 'कशी दिसतेय' हे सांगायचं नाही, ते फोटोने सांगितलेलंच आहे. 'काय चाललं होतं' किंवा 'पुढे काय झालं' हे सांगायचं.

त्या शंखाच्या फोटोसाठी मी मग बऱ्याच ओळी लिहून पाहिल्या. 'मी, शंख वाजवताना' ही पहिली. कीव येत नाही, पण काहीच होत नाही. जे दिसतंय तेच परत सांगितलं. 'वाढत्या वयाचे परिणाम' ही दुसरी. ही सगळ्यात वाईट, कारण ती शंख सोडून माझ्या आयुष्यावर घसरली. थायरॉइडवाल्या वहिनींना हे आमंत्रणच. तिसरी : 'आरती पाच मिनिटं उशिरा का सुरू झाली, त्याचं सचित्र स्पष्टीकरण.' इथे जमायला लागलं. ओळीत माझ्या दिसण्याबद्दल एकही शब्द नाही. घटना आहे, तिचा परिणाम आहे, आणि ऑफिसच्या कागदासारखा गंभीर सूर आहे. वाचणारा ओळीवरून फोटोकडे जातो, माझे गाल बघतो, मग गुरुजींचं घड्याळ बघतो आणि स्वतःच दुवा जुळवतो. हसू येतं ते त्या जुळवण्याच्या क्षणी. तो दुवा मीच जुळवून दिला असता, 'बघा गुरुजी कसे वैतागलेत' असं लिहून, तर त्याच्या वाट्याला काही उरलं नसतं.

या गंभीर सुराबद्दल थोडं. चि. वि. जोशींचा चिमणराव आपल्या फजित्या स्वतःच सांगतो, पण 'माझ्यावर दया करा' असा त्याचा सूर कधी नसतो. तो नीटनेटका अहवाल दिल्यासारखा सांगतो. त्याची फजिती होते, अब्रू जात नाही. चित्राखालच्या ओळीतही हेच साधायचं असतं. फोटोत माणूस घसरलेला असतो, म्हणून वाक्याने सरळ उभं राहायचं. दोघंही घसरले तर बघणारा हात द्यायला धावतो. त्यामुळे 'अरेरे', 'बिचारी', 'फारच', 'किती ते' हे शब्द काढून टाका. उद्गारचिन्हं काढा. हसून रडणारा पिवळा चेहरा तर आधी काढा, कारण स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसणाऱ्याची शंका येते.

इथवर मी माझ्याच फोटोबद्दल बोलले, म्हणून हे सगळं हलकंफुलकं वाटलं असेल. खरं कारण वेगळं आहे.

माझा भाचा चौदा वर्षांचा असताना आम्ही सगळे कोकणात गेलो होतो. तिथल्या विहिरीत त्याने उडी मारली आणि मी फोटो काढला. हवेत आडवा झालेला, हातपाय चार दिशांना, डोळे घट्ट मिटलेले, तोंड वेडंवाकडं, पोट पुढे. मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं : 'बिचारं पाणी! घाबरून मागे सरलं.' मला ती ओळ फार आवडली होती. लोक थोडे हसलेही. मग सुरू झालं. 'आत्तापासून लक्ष द्यायला हवं बरं का.' 'बाहेरचं खाणं बंद करा त्याचं.' 'पोहायला घाला, उंची वाढेल.' पोहतानाच्याच फोटोखाली पोहायला घाला! भाचा ग्रुपमध्ये नव्हता. त्याला आईच्या मोबाइलवर दिसलं. पुढची दोन वर्षं घरातल्या प्रत्येक फोटोत त्याचा पंजा चेहऱ्यासमोर आहे. माझ्याकडे तसे अकरा फोटो आहेत, मोजलेत मी.

माझी चूक 'बिचारं' हा शब्द पाण्याला लावला एवढ्याने झाकली जात नाही. ओळीचा नांगर मी त्याच्या वजनाशी टाकला होता. नातेवाईक बोट तिथेच लावणार होते. त्या फोटोत दुसरी, खरी गोष्ट होती. उडी मारायच्या आधी तो पंधरा मिनिटं काठावर उभा होता, पाणी थंड आहे का असं सगळ्यांना विचारत. 'पाणी थंड आहे हे त्याला हवेत असताना कळलं.' ही ओळ असती तर? तेच मिटलेले डोळे, तेच वेडंवाकडं तोंड, पण आता ते एका विचारी मुलाचं, ज्याला उत्तर अंमळ उशिरा मिळालं. थंड पाण्याला प्रत्येकजण भ्यालेला असतो, म्हणून हसणारा त्याच्या बाजूला उभा राहतो. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, हा आपला फायदा. 'कळलं' शेवटी पडतं आणि मूल पाण्यात पडतं, दोन्ही एकदमच. 'हवेत असताना त्याला कळलं की पाणी थंड आहे' असं लिहा, ओळ बसते खाली.

पण ही ओळसुद्धा मी त्याला विचारल्याशिवाय टाकायला नको होती. स्वतःच्या फोटोवर विनोद करताना फजिती आणि ओळ दोन्ही आपल्या हातात असतात. दुसऱ्याच्या फोटोत फजिती त्याची आणि शब्द आपले. तो लहान असेल, आश्रित असेल, आपल्याला उलटून बोलू शकत नसेल, तर चांगली ओळसुद्धा दांडगाई ठरते. आणि काही फोटो कुठल्याच ओळीने वाचत नाहीत. माणूस खरोखर आजारी आहे, दुखावलाय, भ्यालाय, तिथे कीव यावी हेच बरोबर आहे. तो फोटो ग्रुपवर टाकायचाच नसतो.

ओळ जमली की फसली, हे पहिल्या तीन उत्तरांवरून कळतं. 'छान दिसतेस' आलं तर फसली. 'काळजी घे' आलं तर साफ फसली. 'मग वाजला का शंख?' असं कुणी विचारलं तर जमली, कारण विचारणारा गोष्टीत शिरला.

यंदा मी तो शंखाचा फोटो भाच्याला दाखवला, सचित्र स्पष्टीकरणवाल्या ओळीसकट. त्याने बराच वेळ बघितला. 'मावशी, लांब आहे,' म्हणाला. मग माझ्याच मोबाइलवर ती ओळ पुसून त्याने लिहिलं : 'शंख अजून विचार करतोय.'

माझ्यावरची नजर अख्खी शंखावर गेली. मी हसत बसले. विहिरीच्या फोटोचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. तो फोटो मी ग्रुपवरून काढायला गेले होते, पण एवढ्या दिवसांनी तो सगळ्यांकडून पुसता येत नाही, असं कळलं.