कोणाला काय माहीत आहे?

आठवड्याला सहा भाग म्हटले की दैनंदिन मालिकेचे वर्षाला तीनशेच्या वर भाग होतात. ई-टीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 अशी चालली आणि तिच्या भागांनी तीन हजारांचा टप्पा ओलांडला. एवढ्या लांबीची मालिका एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात आणि वर्ष-दोन वर्षांत यातली माणसंही बदलतात. प्रेक्षक मात्र तोच राहतो. मालिका सलग पाहिलेल्या एखाद्या घरातल्या आजीसारखं लेखकाच्या टेबलावर कोणीच नसतं. तिच्या स्मरणाला टेबलावर उत्तर देणारी वस्तू म्हणजे मालिकेचं बायबल.

सुरुवातीला चॅनेलला सादर होतं ते बायबल म्हणजे पात्रांची ओळख, घराचं वर्णन, मूळ गोष्ट आणि पुढच्या काही महिन्यांचा आराखडा. मंजुरी मिळाली की बऱ्याचदा ही फाइल बंद होते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. बायबलाचे दोन भाग सरळ वेगळे ठेवावे लागतात. एकात पुढे काय घडवायचं ठरलं आहे ते आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष काय दाखवलं गेलं ते. पहिला भाग हवा तितक्या वेळा खोडता येतो. दुसऱ्यातली एकही ओळ खोडता येत नाही, कारण ती प्रेक्षकाने पाहिलेली असते. या दुसऱ्या भागाची नोंद संहितेवरून नव्हे, तर प्रसारित झालेल्या भागावरून करायची. हा नियम मोडला की काय होतं, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, एका एकत्र कुटुंबात थोरले प्रभाकर आणि सुमन यांची मुलगी रेवा दत्तक आहे. हे त्या दोघांना आणि आजीला ठाऊक आहे. 140व्या भागात धाकटी सून माधवीला दत्तकविधानाचे कागद सापडतात. 163व्या भागात ती नवऱ्याला, निखिलला, हे सांगते असा सीन लिहिला जातो, चित्रितही होतो. पण भाग लांबतो आणि संकलनात तो सीन गळतो. पुढे 212व्या भागात निखिल रागाच्या भरात रेवाला म्हणतो, "तू या घरातली आहेस का, ते आधी विचार." नव्या संवादलेखकाने जुन्या संहिता नीट वाचूनच हे लिहिलेलं असतं. प्रेक्षकाला मात्र प्रश्न पडतो की निखिलला हे कळलं कधी?

यावर उपाय म्हणजे बायबलात प्रत्येक गुपिताचं एक स्वतंत्र पान. त्यावर पाच रकाने असावेत: भाग क्रमांक, कोणाला कळलं, नेमकं काय कळलं, कोणाकडून कळलं आणि पडद्यावर कसं दिसलं. वरच्या उदाहरणात 163व्या भागासमोर नोंदच नसेल आणि वनलाइनच्या पातळीवरच अडचण लक्षात येईल. या पानावर अज्ञानाचीही नोंद करावी लागते. 180व्या भागात निखिल सहज विचारतो, "वहिनी, रेवाचा जन्म कुठल्या हॉस्पिटलमधला?" तेव्हा 180पर्यंत त्याला माहीत नव्हतं, हे पक्कं झालं. 190 ते 205 या भागांत माधवी माहेरी आहे आणि तिकडून फोन केल्याचं दाखवलेलं नाही. म्हणजे सांगण्याचा सीन बसवायला सर्वांत सुरक्षित जागा 206 ते 211 ही. तो सीन 211मध्ये घातला, तर 212मधल्या रागाला ताजं कारणही मिळतं. दुरुस्ती अशीच करायची असते: दाखवलेलं न मोडता, न दाखवलेल्या जागेत.

संबोधनांचंही असंच एक पान लागतं. सुमन सासूला 'आई' म्हणते की 'आत्या', माधवी जावेला 'वहिनी' म्हणते की 'ताई', निखिल थोरल्या भावाला 'अरे दादा' म्हणतो की 'अहो दादा', हे पहिल्या आठवड्यातच ठरतं. संवादलेखक बदलला की आधी इथेच घसरतं. आणि एखाद्या सुनेचं 'अहो आई' हे 'अगं आई' झालं, तर मराठी प्रेक्षक त्यात नातं बदलल्याची खूण वाचतो. म्हणून असा बदल हवा असेल, तर तो कथेतला प्रसंग म्हणून जपून ठेवावा.

सर्वांत जास्त गफलत काळाची होते. मालिकेतला दिवस आणि बाहेरचा दिवस सारख्या वेगाने सरकत नाहीत. एक साखरपुडा आठवडाभर चालतो, पण गणपती आणि दिवाळी मात्र बाहेरच्या तारखेलाच येतात. समजा, ऑगस्टच्या सुरुवातीला 230व्या भागात सुमनला दोन महिने झाल्याचं कळतं. बाळंतपण मार्चच्या सुरुवातीला यायला हवं, म्हणजे सुमारे तीस आठवडे, 180 भाग. या भागांत प्रत्यक्ष 120 दिवसच दाखवले गेले, तर उरलेले नव्वद दिवस कुठे गेले? गणपती, दिवाळी, संक्रांत पडद्यावर झालेली आहे आणि पोट मात्र सहाव्या महिन्याचं दिसतं. म्हणून प्रत्येक भागासमोर कथेतली तारीख लिहायची आणि मागे पडलेले दिवस सहा-सात ठिकाणी, एखादा प्रसंग संपल्यावर, दहा-पंधरा दिवसांच्या उड्या घेऊन भरून काढायचे. लीप घेतानाही प्रत्येक पात्राचं जन्मसाल हाताशी असेल, तर सात वर्षांनंतर शाळकरी मुलगा चुकून कॉलेज संपवून येत नाही.

ट्रॅकची आखणी या नोंदींवर उभी राहते. मालिकेचा मूळ प्रश्न वर्षानुवर्षं उघडा असतो. त्याच्या पोटात दहा-बारा आठवड्यांचे ट्रॅक आणि त्यांच्या पोटात आठवड्याचे प्रसंग. प्रत्येक ट्रॅक उघडताना बायबलात एक वाक्य लिहावं: कोणता प्रश्न उभा केला आणि कशाने तो मिटेल. गुरुवारी टीआरपी आला आणि ट्रॅक गुंडाळायचं ठरलं, तर हे वाक्यच सांगतं की मध्येच काय लोंबकळत राहणार आहे: गहाण टाकलेलं घर, पोलिसांत दिलेली तक्रार, कोणाला दिलेला शब्द. ट्रॅक सोडता येतो, पण हा प्रश्न एका सीनमध्ये तरी मिटवावा लागतो.

बाहेरून लादलेल्या बदलांचीही नोंद त्याच वहीत हवी. एप्रिल 2021मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं आणि अनेक मराठी मालिकांची युनिट गोव्याला गेली. अशा वेळी अख्खं कुटुंब घर सोडून दुसरीकडे का राहिलं, याचं कारण कथेत द्यावं लागतं आणि दिलेलं कारण पुढेही बांधून ठेवतं. मामाचा बंगला एकदा दाखवला की तो मामा लग्नाला यायला हवा.

हे सारं सांभाळायला एक माणूस नेमावा लागतो. रोज प्रसारित भाग पाहून अर्धं पान नोंद, आणि नवी वनलाइन चॅनेलकडे जाण्याआधी तिच्यावर नजर, एवढं त्याचं काम. बायबल गोष्ट सुचवत नाही आणि ढिला पडलेला ट्रॅक सावरतही नाही. पण 212व्या भागाचा सीन लिहायला बसलेल्याला, त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी काय माहीत आहे, हे ते अचूक सांगतं.