उधारीचा ताळा

दोनशे गिऱ्हाइकांच्या उधारीची यादी बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही ऋणको नियंत्रण खाते मांडतो. त्यातले आकडे गिऱ्हाइकांच्या खात्यांतून न घेता रोजच्या नोंदवह्यांच्या बेरजांतून घ्यावेत.

समजा, मागील येणे ४२,००० रुपये, उधार विक्री ३०,०००, वसुली २५,००० आणि परत आलेला माल १,००० रुपयांचा. म्हणजे येणे ४६,००० हवे. खातेवहीतील बाक्यांची बेरीज मात्र ४५,७३० आली.

फरक २७०. त्याला नऊने भाग जातो, म्हणून आधी उलटसुलट झालेले अंक शोधावेत. ६३० रुपयांची विक्री खात्यावर ३६० अशी चढली होती.

मात्र एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर चढली, तर बेरीज जुळतेच. म्हणून प्रत्येकाला त्याची बाकी दाखवावी.