पोरीचंच चतुर्थ का पाहता?

माझ्या मावसबहिणीचं लग्न मोडलं ते शनीमुळे, असं आमच्या घरात अजूनही सांगतात. ती अकोल्याची, मुलगा अमरावतीचा. छत्तीसपैकी चोवीस गुण जुळले होते. तरी मुलाच्या आईने पत्रिका ओळखीच्या ज्योतिषांना दाखवली. ते म्हणाले, "पोरीचं चतुर्थ बिघडेल हाय. एकत्रात राहनार नाही, घर फोडन." संपलं.

मी ज्योतिष मानत नाही, पण कॉलेजात असताना हौसेने शिकलोय. म्हणून इथे त्यांच्याच नियमांनी बोलतो.

चौथं स्थान म्हणजे आई, घर आणि घरातलं सुख. लग्नानंतर मुलगी कुठल्या घरात आणि किती सुखात राहील, हे ज्योतिषी तिथून पाहतात. सासू मात्र चौथ्यात नसते. जोडीदाराचं स्थान सातवं, आणि त्याची आई म्हणजे सातव्यापासून चौथं, म्हणजे मूळ पत्रिकेतलं दहावं. चौथं आणि दहावं बरोबर समोरासमोर असतात. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या घरावर दृष्टी टाकतो, त्यामुळे चौथ्यातला ग्रह सासूच्या स्थानाकडे बघतो आणि दहाव्यातला आपल्या घराकडे. एकत्र कुटुंबाचा निकाल मुख्यतः या दोन घरांवर लागतो.

आता बहिणीची पत्रिका. जन्म ऑक्टोबर 1999 चा मध्य, दुपारी दोन. लग्न मकर, म्हणून चौथ्यात मेष. तिथे शनी, आणि मेष ही शनीची नीच रास. तिथून त्याची दृष्टी दहाव्या तुळेवर, म्हणजे सासूवर. ज्योतिषी इथेच थांबले. पण त्याच मेषेत गुरूही बसलाय. शुभ ग्रह सोबत असला की दोष सौम्य धरायचा, हे पहिल्याच पुस्तकात असतं. चतुर्थेश मंगळ, आईचा कारक चंद्र, नवमांश, चालू दशा, हे सगळं पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नसतो. तो दिला गेला एका ग्रहावर.

मुलाचा जन्म जानेवारी 1999 चा शेवट, संध्याकाळी सात. लग्न कर्क, म्हणून दहाव्यात मेष आणि तिथे तोच नीचेचा शनी. नियम तोच लावा. दहावं म्हणजे बायकोची आई, म्हणजे माझी मावशी. शनी तिच्या स्थानात ठाण मांडून बसलाय आणि समोर मुलाच्या स्वतःच्या घराकडे बघतोय. सोबतीला गुरू नाही, त्याची दृष्टीही नाही. म्हणजे शास्त्राप्रमाणे सासूशी न जमण्याचा योग मुलाचा जास्त कडक. त्याला कोणी विचारलं नाही, "बाबू, तू सासूशी नीट वागशील का?" त्याची पत्रिका फक्त गुण जुळवायला उघडली होती.

माझं भांडण इथे आहे. पत्रिकेतल्या बारा घरांना बाई-पुरुष कळत नाही. जावयाला सासूच्या घरी राहायचं नसतं, म्हणून त्याचं दहावं कोणी वाचत नाही. आधी आपण ठरवतो की जुळवून घ्यायचं ते पोरीने, आणि मग ते ग्रहांच्या तोंडून वदवतो.

नक्षत्रांचंही तसंच. आश्लेषाची सून सासूला वाईट, मूळची सासऱ्याला, हे वऱ्हाडात कोणालाही झोपेत विचारा. ‘मुहूर्तचिंतामणी’ या मुहूर्तांच्या जुन्या ग्रंथात हा दोष मुलगी आणि मुलगा दोघांनाही सांगितलाय. आपण मुलगा विसरलो. आश्लेषाच्या जावयाला परत पाठवल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

कोणी म्हणेल, निदान घरात काय होईल याचा अंदाज तर येतो. लग्नरास साधारण दोन तास तीच राहते. त्या दुपारी त्याच दवाखान्यात त्या दोन तासांत जन्मलेल्या सगळ्या पोरींच्या चौथ्यात हाच शनी. त्या सगळ्यांनी घरं फोडली का?

मावशीने त्या लोकांना विचारायला हवं होतं ते वेगळंच. घरात खोल्या किती? नळ येतो तेव्हा पहाटे पाणी कोण भरतं? सून नोकरीवरून सातला आली तर पोळ्या कोण लाटेल? तिचा पगार कोणाच्या खात्यात? दोन वर्षांनी वेगळं राहावंसं वाटलं तर घरात काय बोललं जाईल? एकत्र कुटुंब या प्रश्नांवर टिकतं किंवा तुटतं, आणि यांची उत्तरं एका दुपारी चहावर मिळतात.

तरीही पत्रिका पाहायचीच असेल तर पाहा. पण पोरीचं चतुर्थ उघडलं की पोराचं दशमही त्याच टेबलावर उघडा, आणि मुलाच्या आईसमोर मोठ्याने वाचा. ज्योतिषी का-कू करायला लागले तर दक्षिणा देऊ नका.