खतावणी परत मिळण्याची अट

अकोले, राजूर, कोतूळ या गावांत सहकारी पतसंस्थांच्या पाट्या ठळक दिसतात. दुधाचे पैसे, उसाचे बिल, टोमॅटोची पट्टी, पिग्मी एजंटाने दुकानादुकानांतून गोळा केलेली रोजची रक्कम असा तालुक्याचा पैसा या संस्थांमधून फिरतो. एकेकाळी त्याचा हिशेब लाल कापडात बांधलेल्या रोजकीर्द आणि खतावणीत असे. पुढे तो कार्यालयातल्या संगणकात गेला. आता अनेक ठिकाणी तो भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर असतो. संस्था वर्षाकाठी वर्गणी भरते आणि ब्राउझर उघडून काम करते. कपाटातली खतावणी संस्थेच्या किल्लीत होती. सर्व्हरवरच्या खतावणीची किल्ली करारात असते, आणि तो करार संचालक मंडळाच्या सभेत क्वचितच वाचला जातो.

या कराराच्या बाजूने पहिला युक्तिवाद असा केला जातो की यात ग्राहकच मोकळा आहे. मोठी रक्कम गुंतवायची नाही, पटले नाही तर पुढच्या वर्षी सोडून द्यायचे. कारण न देता करार संपवण्याची मुभा दोन्ही पक्षांना सारखीच, 30 दिवसांच्या नोटिशीवर. मग अन्याय कुठे?

कागदावर सारख्या असलेल्या या मुभेचे वजन दोन्हीकडे सारखे नाही. संस्थेने करार संपवला तर पुरवठादाराचे शेकडो ग्राहकांपैकी एक गिऱ्हाईक कमी होते. पुरवठादाराने संपवला तर संस्थेला 30 दिवसांत नवे सॉफ्टवेअर शोधायचे, सगळ्या सभासदांची खाती हलवायची, व्याजाची आकारणी जुळवायची आणि काउंटरही चालू ठेवायचे. सहकार कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण व्हावे लागते आणि सहा महिन्यांत वार्षिक सभा. अशी नोटीस एप्रिलमध्ये आली, तर लेखापरीक्षकापुढे काय ठेवायचे हा व्यवस्थापकापुढचा खरा प्रश्न असतो.

यावर ‘अन्याय झालाच तर न्यायालय आहे’ असे सांगितले जाते. हा भरवसा तपासून घ्यायला हवा. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रोजो नाथ गांगुली या 1986 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याला कारण न देता नोटिशीवर काढून टाकण्याची अट रद्द ठरवली होती. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की दोन व्यावसायिकांमधल्या व्यापारी कराराला हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात गॅस वितरकाचा करार 30 दिवसांच्या नोटिशीवर संपवता येण्याजोगा होता. वितरकाची एजन्सी परत द्यावी हा लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही. भरपाई मिळाली ती फक्त त्या 30 दिवसांच्या कमाईपुरती. हाच मापदंड सॉफ्टवेअरच्या कराराला लावला, तर पतसंस्थेच्या पदरात एका महिन्याच्या वर्गणीइतके काहीतरी पडेल आणि खतावणीचा प्रश्न तसाच राहील.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 यात कारण नसताना एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत येते, हे खरे आहे. मात्र त्याचा आधार घेण्यासाठी आधी ‘ग्राहक’ ठरावे लागते, आणि व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा त्यातून वगळलेली आहे. नफ्याशी जोडलेली कामे स्वयंचलित करण्यासाठी कंपनीने घेतलेले सॉफ्टवेअर याच व्यापारी कारणात मोडते, असे सर्वोच्च न्यायालयाने पॉली मेडिक्युअरच्या प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये स्पष्ट केले. सभासदांसाठी चालणारी पतसंस्था वेगळी आहे, असा वाद घालता येईल. पण सर्व्हर बंद असताना वाद घालत बसणे कोणत्याही व्यवस्थापकाला परवडणार नाही.

मोठ्यांचीही सुटका होत नाही, हे मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या बाबतीत दिसले. 18 जुलै 2025 रोजी युरोपीय संघाने या कंपनीवर निर्बंध लावले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या कर्मचाऱ्यांची ईमेल आणि टीम्स सेवा थांबवली. वर्गणी पूर्ण भरलेली असताना, पूर्वसूचना न देता सेवा तोडली, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा पुन्हा सुरू झाली. नायरापाशी वकिलांची फौज होती आणि देशातली एक मोठी रिफायनरी होती. कोतुळच्या पतसंस्थेपाशी यातले काहीही नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त ठाम असतो: डेटा ग्राहकाचाच आहे, करारात तसे लिहिले आहे, स्क्रीनवर ‘एक्सपोर्ट’चे बटणही आहे. मालकी कागदावर मान्य केलेली असते, यात शंका नाही. पण ते बटण दाबल्यावर हातात काय पडते ते उघडून पाहिले पाहिजे.

बहुतेकदा पडतात ते अहवाल. ठेवींची यादी, कर्जबाकी, तेरीज असे सगळे पीडीएफमध्ये. लेखापरीक्षकाला ते पुरते, नव्या सॉफ्टवेअरला पुरत नाही. नव्या प्रणालीला प्रत्येक खात्याचा प्रत्येक व्यवहार लागतो. कोणत्या कर्जाला कोण जामीनदार, कोणती मुदत ठेव कोणत्या ठेवीच्या नूतनीकरणातून आली, व्याज कोणत्या तारखेपर्यंत आकारले, पासबुक कोणत्या ओळीपर्यंत छापले, सहीचा नमुना कोणत्या खात्याला जोडलेला, हे सगळे लागते. पीडीएफमध्ये या नोंदींचे आपसातले धागे तुटलेले असतात.

एक्सेलची फाइल मिळाली तरी ती दुसऱ्या टोकाला फसते. 00412 हा खाते क्रमांक नुसता 412 होऊन बसतो, कारण एक्सेल पुढची शून्ये गाळते. 16 अंकी क्रमांक असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल आकड्याचे 15 अंकच अचूक धरते. 3 एप्रिलची नोंद 4 मार्चची होते आणि त्यावरची व्याज आकारणी महिनाभराने सरकते. मराठी संस्थांपुढे आणखी एक अडचण असते. युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटमध्ये भरलेली सभासदांची नावे त्या फाँटशिवाय उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. हजारो नावे पुन्हा हाताने भरायची वेळ आली, तर बटण होते म्हणून कुणाचे समाधान होईल?

त्यातच मुदतीचा प्रश्न येतो. करार संपल्यावर डेटा किती दिवस ठेवला जाईल आणि लॉगिन किती दिवस चालेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटा 30 दिवस ठेवला जाईल असे लिहिलेले असते, पण लॉगिन पहिल्याच दिवशी बंद होते आणि त्यानंतर प्रत हवी असेल तर वेगळे शुल्क मागितले जाते. ही जागा करार वाचताना पेन्सिलीने खूण करण्यासारखी आहे.

दरवाढीचा युक्तिवाद यापुढे सोपा होतो. सर्व्हरचे भाडे, पगार, सुरक्षेचा खर्च वाढतो, म्हणून दर वाढणारच, हे म्हणणे रास्त आहे. वाढ होणे आणि ती हवी तितकी, हवी तेव्हा करता येणे यांत मात्र फरक आहे. समजा, संस्था वर्षाला 1,20,000 रुपये भरते आणि दुसरीकडे जाण्याचा एकदाचा खर्च, डेटा नीट न मिळाल्यामुळे, 2,00,000 रुपये येतो. मग वर्गणी 1,80,000 केली तरी संस्था निमूटपणे भरेल, कारण तीन वर्षांहून जास्त काळ दरसाल जादा 60,000 भरल्यानंतर कुठे स्थलांतराचा खर्च निघतो. डेटा स्वच्छ मिळून तोच खर्च 30,000 वर आला, तर इतकी वाढ मागण्याआधी पुरवठादार स्वतःच विचार करेल. म्हणजे दराची खरी मर्यादा दराच्या कलमात नसून डेटाच्या कलमात आहे.

मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या हॅक क्लब या ना-नफा संस्थेने सप्टेंबर 2025 मध्ये हे जगापुढे मांडले. स्लॅकसाठी ती वर्षाला साधारण 5,000 डॉलर भरत होती. आठवडाभरात 50,000 डॉलर आणि पुढे दरसाल 2,00,000 डॉलर द्या, नाहीतर खाते बंद होऊन जुने संदेश जातील, असे सांगण्यात आल्याचे तिने जाहीर केले. ओरड झाल्यावर स्लॅकने माघार घेतली. तोवर वर्षानुवर्षांचे संभाषण त्या मागणीच्या पलीकडे अडकलेले होते.

तेव्हा आग्रह धरायचा तो पहिल्यांदा डेटाच्या कलमासाठी. संस्था मागेल तेव्हा, आणि न मागताही दर तिमाहीला, सर्व खात्यांचे सर्व व्यवहार सीएसव्ही फाइलमध्ये, युनिकोड मराठीत, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणाऱ्या यादीसह, विनाशुल्क मिळावेत. सह्यांच्या प्रतिमा खाते क्रमांकाच्या नावाने मिळाव्यात. यावर पुरवठादार म्हणतो की डेटाची रचना हे आमचे व्यापारी गुपित आहे. प्रोग्राम त्याचा आहे, तो कुणी मागत नाही. कुठल्या रकान्यात व्याज आणि कुठल्यात मुद्दल एवढे सांगण्याने कुणाचे गुपित फुटत नाही.

ही प्रत मिळाल्यावर तिची परीक्षा घेता येते. 31 मार्चच्या बचत खात्यांच्या शिलका फाइलमधून बेरजेला घ्याव्यात आणि तेरजेतल्या बचत ठेवींच्या आकड्याशी ताडून पाहाव्यात. मुदत ठेव, पिग्मी, कर्ज यांचेही तसेच. मग पाच-सहा खाती निवडून आरंभीची शिलक, जमा आणि नावे यांवरून अखेरची शिलक येते का ते बघावे. एक रुपयाचा फरक आला तरी तो शोधावा, कारण पुरवठादाराशी संबंध चांगले असतानाच तो दुरुस्त होतो. हे काम क्लार्कच्या एका दिवसाचे आहे.

दरासाठी सूत्र हवे: मुदतीच्या मध्यात वाढ नाही, नूतनीकरणाआधी 90 दिवसांची सूचना, महागाई निर्देशांकाशी बांधलेली कमाल मर्यादा. करार संपवण्याची मुभा पुरवठादाराला हवीच असेल तर त्याने किमान सहा महिन्यांची नोटीस द्यावी, त्या काळात जुनाच दर चालावा, न वापरलेली वर्गणी परत मिळावी आणि करार संपल्यावरही 90 दिवस केवळ वाचण्यापुरते लॉगिन सुरू राहावे.

छोट्या संस्थेचे कोण ऐकणार, हा शेवटचा आक्षेप. एकट्या संस्थेचे खरेच कुणी ऐकत नाही. पण असे नियम अशक्य नाहीत. युरोपीय संघाचा डेटा कायदा 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. त्यानुसार सेवा बदलू पाहणाऱ्या ग्राहकाकडून दोन महिन्यांहून जास्त नोटीस मागता येत नाही, स्थलांतरानंतर डेटा काढून घ्यायला किमान 30 दिवस द्यावे लागतात, आणि 12 जानेवारी 2027 पासून स्थलांतराचे शुल्कच घेता येणार नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2023 च्या निर्देशांत आयटी सेवा बाहेरून घेणाऱ्या बँकांना बाहेर पडण्याची योजना आधीच आखायला सांगितली. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून ते निर्देश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही डेटा एकीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क नाही. आधीच्या मसुद्यांत तो होता, अंतिम कायद्यात राहिला नाही.

ही पोकळी सहकार आयुक्त एका परिपत्रकाने भरू शकतात: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअर करारात डेटा परतीची किमान कलमे असावीत आणि लेखापरीक्षकाने तिमाही प्रतीची तेरजेशी झालेली जुळणी अहवालात नोंदवावी. तोवर पतसंस्थांच्या फेडरेशनने एकच नमुना करार तयार करून सगळ्या पुरवठादारांपुढे ठेवावा. तालुक्यातल्या वीस-पंचवीस संस्था तीच चार कलमे घेऊन बसल्या, तर नाही म्हणणाऱ्या पुरवठादाराला वीस-पंचवीस गिऱ्हाइके एकदम गमवावी लागतील. येत्या नूतनीकरणाआधीच्या मासिक सभेत विषयपत्रिकेवर हा करार घेता येईल, आणि सभेपूर्वी एकदा ते ‘एक्सपोर्ट’चे बटण दाबून मिळालेल्या फाइली संचालकांसमोर उघडून ठेवता येतील.