दुखत नाही, म्हणूनच दाखवा

बरीच वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायावर, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडतो. तो जुनाच असतो, म्हणून घरात कुणी त्याकडे बघत नाही. एक दिवस त्याच्या मधोमध जांभळट-काळा ठिपका दिसतो. 'दुखतंय का?' 'छे, अजिबात नाही.' विषय तिथेच मिटतो, आणि पाय गमावण्याची सुरुवात बरेचदा इथूनच होते.

तो ठिपका म्हणजे घट्ट्याखाली झिरपलेलं रक्त. कडक कातडी दर पावलाला खालच्या मऊ मांसावर दाबते आणि ते आतून फाटतं. निरोगी माणूस दुसऱ्याच दिवशी लंगडू लागेल. पण वाढलेल्या साखरेने इथल्या नसा बधिर केलेल्या असतात, त्यामुळे माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. वरून कातडी शाबूत दिसते, आत खड्डा पडतो आणि पू हाडापर्यंत पोचू शकतो. मोज्यावरचा ओला डाग किंवा वास लक्षात येईतो बराच उशीर झालेला असतो.

अशा वेळी घरी ब्लेडने घट्टा तासणं आणि कुरूपाची पट्टी लावणं, हे दोन्ही उद्योग घातक आहेत. पट्टीतलं औषध चांगली कातडीही जाळतं आणि बधिर पायाला ते कळत नाही. हे काम डॉक्टरांचं. ते घट्टा अलगद तासून खाली जखम आहे का बघतात, असल्यास ती कुठवर गेली आहे हे सळीने तपासतात आणि पायाच्या नाड्या चाचपतात. सळी हाडाला लागली तर हाडात जंतुसंसर्ग असल्याचा संशय घेऊन एक्स-रे काढतात. जखमेवरचा भार काढावाच लागतो. नुसत्या मलमपट्टीने ती भरत नाही.

रंगही नीट पाहायला हवा. पाय खाली सोडला की लालसर आणि वर उचलला की फिका पडत असेल, तर रक्तपुरवठा कमी असण्याची शक्यता असते. ती लाली पाहून 'रक्त चांगलं खेळतंय' असं समजू नका. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. तिथे हाताची पाठ लावून दोन्ही पायांची ऊब ताडून पाहावी.

रात्री झोपण्यापूर्वी उजेडात तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा, नजर अधू असेल तर मुला-सुनेला बघायला सांगा. नवा ठिपका, फोड किंवा चीर दिसली तर एका दिवसात डॉक्टर गाठा. बोट काळंनिळं पडलं, लाली पसरू लागली, पाय गरम होऊन सुजला, दुर्गंधी आली किंवा पायाच्या जखमेबरोबर साखर अचानक चढली, तर ताप नसला तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. रविवार असला तरी सोमवारची वाट पाहू नका.