सपाट रेघेवर कितीजण उभे आहेत?

कॅन्सरच्या नव्या औषधाची माहिती शोधताना तुम्हाला एक आलेख हमखास दिसतो. डावीकडे शंभर टक्क्यांपासून सुरू होणारी रेघ, पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारी आणि शेवटी बरीच लांब सपाट झालेली. याला सर्व्हायव्हल कर्व्ह म्हणतात. ती सपाट शेपटी दाखवून "बघा, इथून पुढे धोका नाही" असं सांगितलं जातं. माझा या सांगण्याला ठाम विरोध आहे. आलेखाखाली छापलेली आकड्यांची ओळ कापून तो पेशंटला दाखवणं ही मी दिशाभूल समजतो.

आलेखाची ही पद्धत कॅप्लान आणि मायर या दोघांनी 1958 साली मांडली. ती समजायला दहा पेशंटचं काल्पनिक उदाहरण पुरे. दुसऱ्या महिन्यात एकजण दगावला, रेघ 90 वर आली. पाचव्या महिन्यात आणखी एक गेला, रेघ 80 वर. आठजण उरले. सहाव्या महिन्यात तिघांची नोंद थांबली. ते जिवंत आहेत, पण अभ्यासात उशिरा आल्यामुळे त्यांची माहिती तेवढ्याच काळाची आहे. अशांसाठी रेघ खाली येत नाही, तिच्यावर फक्त बारीक उभी खूण होते. आता मोजायला पाचच राहिले. नवव्या महिन्यात त्यातला एक गेला, म्हणजे पाचात एक, 20 टक्के. 80 चे 20 टक्के 16, म्हणून रेघ 64 वर आली. पाहा, जीव एकच गेला, पण आधी दहाची असलेली पायरी आता सोळाची झाली.

पुढे चौदाव्या महिन्यापर्यंत आणखी तिघांची नोंद थांबली आणि एकच माणूस उरला. तो चोवीस महिने जगला, तर नवव्या महिन्यापासून तिथपर्यंत रेघ 64 वर सपाट दिसेल. कुणीही म्हणेल, "दोन वर्षांनी 64 टक्के लोक जिवंत!" आणि तोच माणूस चोवीसाव्या महिन्यात गेला, तर रेघ थेट शून्यावर कोसळेल. म्हणून शेवटच्या कड्यानेही घाबरू नका. त्या सपाटीमागे आणि त्या कड्यामागे एकच माणूस आहे.

हे कळायला आलेखाखालची "नंबर ॲट रिस्क" ही ओळ लागते. प्रत्येक टप्प्यावर किती पेशंट अजून मोजणीत आहेत, ते तिथे लिहिलेलं असतं. "पेशंटला एवढं कळत नाही" हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईंना दहातून तीन वजा करता येत नाहीत, असं म्हणायचंय का?

नोंद थांबलेल्यांबद्दल ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: त्यांचं पुढे जे होईल, ते उरलेल्यांसारखंच होईल. अभ्यासाची मुदत संपल्यामुळे नोंद थांबली असेल तर हे बरोबर. पण तब्येत ढासळली म्हणून माणूस गावी परत गेला, फोन लागेना, तर? जास्त आजारी माणसं अशी गळाली की रेघ वास्तवापेक्षा गोंडस दिसते.

मग सपाट रेघ खोटीच असते का? नाही. इपिलिमुमॅब हे औषध घेतलेल्या, मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर पसरलेल्या 1861 पेशंटची एकत्रित माहिती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्मे पेशंट 11.4 महिन्यांच्या आत दगावले होते. पण सुमारे तीन वर्षांवर रेघ 22 टक्क्यांच्या आसपास सपाट होऊ लागली, आणि काहींची नोंद तर दहा वर्षांपर्यंतची होती. तीन वर्षं किंवा जास्त काळ नोंद असलेले 254 पेशंट होते. एक माणूस आणि 254 माणसं, फरक हा आहे. या सपाटीवर मी विश्वास ठेवतो.

तरीही ती सपाटी कुणाची, हे विचारायलाच हवं. आज ज्याचं निदान झालं, तो रेघेच्या डाव्या टोकाला उभा आहे. त्याच्यासारख्या शंभरातले साधारण 22 जण तीन वर्षांच्या पुढे गेले, एवढंच हा आलेख त्याला सांगतो. जी व्यक्ती उपचारानंतर चौथ्या वर्षात आहे, तिने मात्र तो उतार पार केलेला आहे. तिच्यासाठी सुरुवातीच्या पायऱ्या मोजायच्या नाहीत, फक्त पुढचा भाग पाहायचा. एकच आलेख दाखवून दोघांना "धोका टळला" म्हणणारा माणूस पहिल्याला खोटी आशा देतो. आणि "निम्मे वर्षभरात जातात" असं दोघांना सांगणारा दुसऱ्या व्यक्तीला विनाकारण घाबरवतो.